‘सर, पगार कमी आलाय’ : पगाराच्या चिठ्ठीतली चूक पेरोलला आकड्यांसह कशी कळवावी

मी मूळचा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. पुण्यातल्या प्लँटमध्ये काही वर्षं काढली आणि १ जूनपासून त्याच कंपनीच्या बेळगावच्या युनिटला बदलून आलो. घरचं जेवण मिळायला लागलं, खोलीभाडं वाचलं, आणि पहिल्याच महिन्याचा पगार कमी आला.

त्या रात्री मी पुण्याच्या पेरोलमधल्या एका साहेबांना व्हॉट्सॲपवर लागोपाठ पाच मेसेज टाकले. जसेच्या तसे देतो :

> सर पगार कमी आलाय ह्या महिन्यात
>
> दोन दिवस कापलेत. मी सांगून सुट्टी घेतली होती की
>
> १५०० का काय ते कमी हाय
>
> पीटी पण कापलंय, इकडं आमच्यात कुणाचं कापत न्हाईत
>
> असं कसं चालतंय सर, बघा की जरा

उत्तर आलं, “ओके, बघतो.” पुढचे आठ दिवस काहीच झालं नाही. साहेबांचा त्यात दोष नव्हता. त्या पाच मेसेजांत माझा कर्मचारी क्रमांक नव्हता, तारखा नव्हत्या, आणि जो एकच आकडा होता तोही अर्धवट होता. शेकडो जणांचा पगार बघणाऱ्या माणसाने नेमकं काय बघायचं?

नंतर तेच सगळं मेलमध्ये नीट लिहिलं आणि दोन दिवसांत उत्तर आलं. ते कसं केलं, कुठे चुकता चुकता राहिलो, हे खाली क्रमाने लिहितो. उदाहरण माझ्याच चिठ्ठीचं आहे. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत तीच राहते.

## आधी एवढं जवळ घ्या

- चुकीच्या महिन्याची आणि त्याआधीच्या महिन्याची पगार चिठ्ठी, पीडीएफमध्ये. फोनवर काढलेला तिरका फोटो चालत नाही.
- त्या महिन्याची हजेरी, म्हणजे पंच मशीनची यादी किंवा ॲपमधल्या हजेरीच्या पानाचा स्क्रीनशॉट.
- रजा मंजूर झाल्याचा पुरावा. आमच्याकडे सुपरवायझर व्हॉट्सॲपवरच ‘ओके’ म्हणतात, तर तो मेसेज.
- बदली, बढती किंवा पगारवाढ नुकतीच झाली असेल तर तिचं पत्र.
- एक वही. हिशेब मोबाइलवर केला तरी वहीत उतरवा, कारण पेरोलचं उत्तर आलं की तोच हिशेब परत लागतो.

## १. ‘हातात किती आले’ तिथून सुरुवात करू नका

मी नेमकी तीच चूक केली. मे महिन्यात पुण्यात असताना खात्यावर २२,०७२ रुपये आले होते आणि जूनचे आले २०,५८७. वजाबाकी केली तर १,४८५. म्हणून मेसेजमध्ये ‘१५०० का काय ते’ असं लिहून मोकळा झालो.

पण खात्यावरचा आकडा हा चिठ्ठीतल्या सगळ्या ओळींचा शेवटचा निकाल असतो. दोन ओळींत चूक असेल आणि त्यातली एक चूक मागच्या महिन्याच्या आकड्यातही मिसळलेली असेल, तर ती वजाबाकीत दिसतच नाही. माझं तसंच झालं होतं. व्यवसाय कराचे २०० रुपये मे महिन्यातही कापले होते. तेव्हा मी पुण्यात होतो, म्हणून ते बरोबर होते. जूनमध्येही तेच कापले गेले आणि ते चुकीचे होते. दोन्ही महिन्यांत सारखीच रक्कम असल्यामुळे वजाबाकीत ती उडून गेली. मी १,४८५ वर अडून बसलो असतो तर हे २०० कायमचे गेले असते, आणि ते एका महिन्यापुरते नव्हे, दर महिन्याला.

म्हणून दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवा आणि वरून खाली एकेक ओळ ताडून बघा. पहिली बघायची ओळ पगारी दिवसांची. माझ्या चिठ्ठीत महिन्याचे दिवस ३०, पगारी दिवस २८ आणि ‘LOP’ या रकान्यात २ होते. एलओपी म्हणजे बिनपगारी दिवस, आपल्या भाषेत खाडे. दुसरी बघायची ओळ चिठ्ठीच्या माथ्यावर असते आणि तिकडे कुणी बघत नाही : कामाचं ठिकाण. माझ्या जूनच्या चिठ्ठीवर ते अजून ‘पुणे’ होतं. दोन्ही चुकांचं मूळ तिथेच होतं, पण ते मला दोन दिवसांनी कळलं.

## २. मेसेजची वाक्यं वेगळी काढा

रागात लिहिलेले मेसेज पुसू नका. कच्चा माल तोच आहे. वहीत तीन रकाने पाडा आणि प्रत्येक वाक्य त्यात टाका : घडलेली गोष्ट, माझा अंदाज, माझा वैताग.

‘दोन दिवस कापलेत’ ही घडलेली गोष्ट आहे, चिठ्ठीत दिसते. कोणते दोन दिवस ते मात्र लिहायचं राहिलं. ‘मी सांगून सुट्टी घेतली होती’ यात अर्धीच गोष्ट आहे. कुणाला सांगितलं, कधी, आणि ती सुट्टी कोणत्या खात्यात धरायची? मी दोन्ही दिवसांना ‘सुट्टी’ म्हणत होतो, पण पेरोलच्या लेखी त्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. १२ जूनला मी किरकोळ रजा घेतली होती. १९ जूनला कॉम्प ऑफ होता, कारण त्याआधीच्या रविवारी, १५ जूनला, मी पहिल्या पाळीत कामावर गेलो होतो. एकीचा पुरावा रजा मंजुरीचा, दुसरीचा रविवारच्या पंचचा. एकत्र लिहिलं असतं तर दोन्ही अडले असते.

‘इकडं आमच्यात कुणाचं कापत न्हाईत’ हा अंदाज. तो खरा निघाला, पण ‘दुसऱ्यांचं कापत नाहीत’ हा मुद्दा होऊ शकत नाही. दुसऱ्याचा पगार वेगळा असू शकतो. त्याऐवजी नियम सांगावा लागतो, तो पुढे येतोच.

‘असं कसं चालतंय’ हा वैताग. तो वहीतच राहू द्या. इथे एक गोष्ट सीमाभागातल्या माणसाने खास लक्षात ठेवायची. ‘बघा की’, ‘असं कसं चालतंय’, ‘सांगितलं होतं की’ हे आपलं रोजचं बोलणं. बेळगावच्या शहापूर-वडगावात दुकानदारालाही आपण असंच म्हणतो आणि त्याला राग येत नाही. पुण्यात बसलेल्या माणसाला मात्र तो ‘की’ टोमण्यासारखा लागतो. पाच वर्षं पुण्यात राहूनही मला हे उशिराच कळलं. लिहिताना हा ‘की’ काढून टाकला की निम्मी धार आपोआप जाते.

मी रजा कशासाठी घेतली होती, तेही आधी लिहायला घेतलं होतं : पाऊस लागला, भाताच्या पेरणीला घरी माणूस नव्हतं, वगैरे. ते काढलं. रजा मंजूर असेल तर कारण कुणाला लागत नाही, आणि कारण लिहिलं की उगाच मंजुरीबद्दलच शंका येते.

## ३. एका दिवसाचा पगार चिठ्ठीतूनच काढा

बहुतेक जण इथे घसरतात. एका दिवसाचा पगार काढायला महिन्याच्या पगाराला कशाने भागायचं? कुठे ३० ने भागतात, कुठे महिन्यात जितके दिवस असतील तितक्यांनी, तर कुठे साप्ताहिक सुट्ट्या सोडून २६ ने. आपण २६ धरावेत आणि कंपनीने ३० धरलेले असावेत, की आपला आकडा चुकीचा ठरतो आणि सगळ्या तक्रारीवरचा विश्वास उडतो. माझा पगार २६ ने भागला असता तर दोन दिवसांचे १,८४६ रुपये झाले असते. कंपनीने तेवढे कापलेच नव्हते.

म्हणून अंदाज करू नका, चिठ्ठीलाच विचारा. पूर्ण पगारातून त्या महिन्याचा प्रत्यक्ष धरलेला पगार वजा करा आणि खाड्यांच्या दिवसांनी भागा. माझं गणित असं :

| ओळ | पूर्ण महिना | जूनच्या चिठ्ठीत |
|---|---|---|
| मूळ पगार व महागाई भत्ता | १४,४०० | १३,४४० |
| घरभाडे भत्ता | ६,००० | ५,६०० |
| इतर भत्ता | ३,६०० | ३,३६० |
| एकूण पगार | २४,००० | २२,४०० |
| पीएफ | १,७२८ | १,६१३ |
| व्यवसाय कर | – | २०० |
| हाती | २२,२७२ | २०,५८७ |

२४,००० मधून २२,४०० गेले, उरले १,६००. दोन दिवसांचे १,६०० म्हणजे दिवसाला ८००, आणि २४,००० ला ८०० ने भागलं की ३०. म्हणजे कंपनी ३० ने भागते. (जून ३० दिवसांचाच असल्यामुळे ती कायम ३० धरते की त्या महिन्याचे दिवस, हे यावरून कळत नाही. ३१ दिवसांच्या महिन्यात खाडा पडला तर ते तपासावं लागेल.)

आता खरी मेख. कापले गेले १,६००, मग मला परत मिळणार किती? १,६०० नाही. पीएफ मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के कापला जातो. दोन दिवस कमी धरले तेव्हा पीएफही कमी कापला गेला : १,७२८ ऐवजी १,६१३, म्हणजे ११५ रुपये कमी. दोन दिवस परत जोडले की हे ११५ पीएफ खात्यात जाणार आणि हातात १,४८५ येणार. ते ११५ बुडत नाहीत, आपल्याच खात्यात राहतात, आणि कंपनीचा वाटाही तितक्याने वाढतो. पण मेलमध्ये ‘माझे १,६०० परत करा’ असं लिहिलं आणि १,४८५ आले, तर आपणच परत ‘अजून ११५ कमी’ म्हणून भांडायला जातो. आमच्या युनिटमधल्या एकाने हे केलेलं मी बघितलंय.

ज्यांचा पगार २१,००० किंवा त्याच्या आत आहे त्यांना ईएसआयही लागू असतो. कामगाराच्या वाट्याचा ०.७५ टक्का त्यांनी याच पद्धतीने वजा धरावा. मला तो लागू नव्हता.

## ४. व्यवसाय कर : इकडचा की तिकडचा

बदलून आलेल्यांनी ही ओळ आवर्जून बघायची. व्यवसाय कर, ज्याला सगळे पीटी म्हणतात, हा राज्याचा कर आहे. तुम्ही ज्या राज्यात काम करता त्याचा दर लागतो. मुख्य कचेरी कुठे आहे किंवा तुमचं आधार कार्ड कुठलं आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही.

महाराष्ट्रात पुरुष कामगाराचा पगार महिन्याला १०,००० च्या वर गेला की २०० रुपये कापतात, फक्त फेब्रुवारीत ३००. कर्नाटकात एप्रिल २०२३ पासून २५,००० च्या आत पगार असेल तर हा कर नाही, आणि २५,००० किंवा जास्त असेल तर २०० आहे, फेब्रुवारीत आता ३००. माझा पगार २४,०००. पुण्यात महिन्याचे २०० जात होते, बेळगावात शून्य जायला हवेत. महाराष्ट्रात महिलांनाही २५,००० पर्यंत हा कर नाही, त्यामुळे माझ्याबरोबर बदलून आलेल्या एका ताईंच्या चिठ्ठीत काहीच फरक पडला नव्हता आणि त्यांना माझी तक्रार पटेनाच.

उलटंही होतं. निपाणीहून कोल्हापूरकडे कामाला जाणारे बरेच आहेत. घर कर्नाटकात असलं तरी प्लँट महाराष्ट्रात असेल तर महाराष्ट्राचाच दर लागणार. तिथे ‘आमच्याकडे कापत नाहीत’ असं म्हणून उपयोग नाही.

## ५. मेल लिहा

आता लिहायला बसायचं. माझा पहिला कच्चा मसुदा दुसऱ्याच टोकाला गेला होता. शाळेत शिकवलेला अर्ज डोक्यात होता : ‘महोदय, वरील विषयास अनुसरून आपणास सविनय विनंती करण्यात येते की, मी आपल्या कंपनीचा एक प्रामाणिक कामगार असून…’ चार ओळी झाल्या तरी मुद्दा नाही. नम्रपणा म्हणजे शब्दांचा डोंगर नव्हे. वाचणाऱ्याचा वेळ वाचवला तर त्याला तो नम्रपणाच वाटतो.

वाक्यं बदलताना मी एवढंच पाळलं. ‘तुम्ही कापले’ ऐवजी ‘चिठ्ठीत दिसते’. ‘तुमची चूक झाली’ ऐवजी ‘माझ्या नोंदीशी जुळत नाही’. ‘पैसे द्या’ ऐवजी ‘तपासून कळवावे’. कारण चूक आपलीही असू शकते : रजा शिल्लक नसेल, मंजुरी चुकीच्या तारखेची असेल. तसं निघालं तर ‘जुळत नाही’ म्हणणारा खोटा पडत नाही.

आकडे मी मुद्दाम इंग्रजी अंकांत लिहिले. पुण्याच्या पेरोलला मराठी येतं, पण मेलची प्रत ज्यांना जाते ते बेळगावचे एचआर कानडी आहेत. त्यांना मराठी बोललेलं कळतं, वाचायला वेळ लागतो. तारीख, दिवस आणि रक्कम त्यांना न विचारता कळली पाहिजे. तुमचं पेरोल बेंगळुरूला असेल तर मेलच इंग्रजीत किंवा कानडीत करावा लागेल. तेव्हाही रचना हीच ठेवा आणि ओळींची नावं चिठ्ठीवर छापली आहेत तशीच उतरवा.

हा माझा मेल :

> विषय : जून पगार चिठ्ठी : बिनपगारी 2 दिवस व व्यवसाय कर 200 तपासण्याबाबत : कर्मचारी क्र. ____
>
> नमस्कार,
>
> मी 1 जूनपासून पुणे प्लँटमधून बेळगाव युनिटला बदलीवर आलो आहे. जूनच्या पगार चिठ्ठीतील दोन नोंदी माझ्या हजेरीशी व कामाच्या ठिकाणाशी जुळत नाहीत. त्या तपासून कळवावे, ही विनंती.
>
> 1) बिनपगारी दिवस
> चिठ्ठीत : 2 (पगारी दिवस 28)
> माझ्या नोंदीनुसार : 0 (पगारी दिवस 30)
> 12 जून : किरकोळ रजा. सुपरवायझरांची मंजुरी 10 जून रोजी (जोड 3).
> 19 जून : कॉम्प ऑफ. रविवार 15 जून रोजी पहिल्या पाळीत काम, पंच 6:54 ते 15:08 (जोड 4).
> फरक : 24,000 − 22,400 = 1,600. त्यावरील पीएफ 115 वजा जाता हाती 1,485.
>
> 2) व्यवसाय कर
> चिठ्ठीत : 200
> माझ्या समजुतीनुसार : 0. कामाचे ठिकाण बेळगाव (कर्नाटक), मासिक पगार 24,000, म्हणजे 25,000 पेक्षा कमी.
> फरक : 200
>
> हाती एकूण फरक : 1,685 (जमा 20,587, अपेक्षित 22,272)
>
> चिठ्ठीवर कामाचे ठिकाण अजून ‘पुणे’ दिसते. दोन्ही फरक त्यामुळे आले असावेत असे वाटते. नोंदी बरोबर असल्यास ठिकाण बदलून घ्यावे आणि जूनचा फरक जुलैच्या पगारात वेगळ्या ओळीत दाखवावा, ही विनंती. माझी समजूत चुकत असल्यास हिशेब कळवावा.
>
> जोड : 1) मे व जूनच्या चिठ्ठ्या 2) बदलीचे पत्र 3) रजा मंजुरीचा मेसेज 4) जूनची हजेरी
>
> धन्यवाद.
> (नाव, विभाग, बेळगाव युनिट)

व्हॉट्सॲपवरच्या पाच ओळी आणि हा मेल ताडून बघा. नवीन मुद्दा एकही नाही, प्रत्येक ओळीला फक्त तारीख, रक्कम आणि जोड मिळाली.

विषयाच्या ओळीबद्दल जरा सांगतो. ‘पगाराबाबत’ एवढंच लिहिलं तर तो मेल पेरोलच्या ढिगात हरवतो, कारण तिथे येणारा प्रत्येक मेल पगाराबाबतच असतो. महिना, ओळीचं नाव आणि कर्मचारी क्रमांक विषयातच असला की मेल न उघडताही कुणाकडे पाठवायचा ते कळतं.

‘असे वाटते’ हे वाक्य मी शेवटी ठेवलं, तेही मुद्दाम. कारणाबद्दलचा आपला अंदाज पहिल्याच ओळीत लिहिला की वाचणारा त्यालाच उत्तर देत बसतो. आधी काय जुळत नाही ते, मग अंदाज.

बँक खात्याचा पूर्ण क्रमांक, आधार, पॅन यातलं काही मेलमध्ये लिहायचं नाही. कर्मचारी क्रमांक पुरतो. चिठ्ठीच्या पीडीएफला पासवर्ड असेल तर तोही कळवू नका, पेरोलकडे मूळ चिठ्ठी असतेच.

## ६. कधी आणि कुणाला

पगार जरी पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात होत असला तरी पेरोलची वही त्याआधीच बंद होते. हजेरी घ्यायची एक शेवटची तारीख असते, बऱ्याच ठिकाणी २० ते २५ च्या दरम्यान. ती तुमच्याकडे कोणती, ते एचआरला विचारून घ्या. त्यानंतर गेलेली तक्रार खरी असली तरी एक महिना पुढे ढकलली जाते. मी आठ दिवस ‘ओके, बघतो’वर विसंबलो आणि शेवटी १६ जुलैला मेल केला. चारच दिवस हातात होते.

मेल पेरोलच्या सामाईक पत्त्यावर पाठवा, एका साहेबांच्या नावावर नको. ते रजेवर गेले की मेलही रजेवर जातो. प्रत इकडच्या एचआरना आणि सुपरवायझरना द्या. पण सुपरवायझरना आधी तोंडी सांगा : “दादा, १२ तारखेच्या रजेचा तुमचा मेसेज जोडतोय.” न सांगता त्यांचा मेसेज मेलला जोडलेला दिसला तर त्यांना आपली तक्रार झाली असं वाटतं. माझ्या बाबतीत त्यांनीच सांगितलं की रजा त्यांनी इकडच्या रजिस्टरला लिहिली होती, पण माझं नाव अजून पुण्याच्या यादीत असल्यामुळे ती पुढे गेलीच नव्हती. दोन्ही चुकांचं मूळ एकच, हे तेव्हा पक्कं झालं.

दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर नवीन मेल लिहू नका. त्याच मेलला उत्तर देऊन एकच ओळ : ‘खालील विषयी आपल्याकडून काही माहिती हवी असल्यास कळवावे. जुलैच्या हजेरीची शेवटची तारीख 20 आहे, म्हणून आठवण करत आहे.’ नवीन मेल केला की नवीन माणूस शून्यापासून वाचायला लागतो.

## ७. पुढची चिठ्ठी येते तेव्हा

१८ जुलैला उत्तर आलं : ठिकाण बदललं आहे, फरक जुलैत जमा होईल. मी वहीत आधीच जुलैचा अपेक्षित आकडा लिहून ठेवला. नेहमीचे २२,२७२, त्यात १,४८५ आणि २००, एकूण २३,९५७.

जमा झाले २३,७५७. बरोबर २०० कमी.

पुन्हा तोच वैताग आला, पण यावेळी आधी चिठ्ठी उघडली. थकबाकीचे १,६०० वेगळ्या ओळीत होते. पीएफ १,८४३, म्हणजे १,७२८ अधिक ११५, बरोबर. जूनच्या व्यवसाय कराचे २०० परत आले होते. आणि खाली कपातीत व्यवसाय कराचे नवीन २०० होते. थोडा विचार केल्यावर उलगडलं. जुलैचे २४,००० आणि थकबाकीचे १,६०० मिळून एकूण पगार झाला २५,६००. तो २५,००० च्या वर गेला आणि सॉफ्टवेअरने कर्नाटकाचा दर लावून २०० कापले. माणसाने केलं नव्हतं, बेरजेने झालं होतं. ज्यांचा पगार २५,००० च्या काठावर आहे त्यांनी थकबाकीच्या महिन्यात ही ओळ बघायचीच.

यावेळी पाच मेसेज नाहीत. त्याच मेलला खाली एवढंच उत्तर :

> नमस्कार, जूनचा फरक मिळाला, आभार. जुलैच्या चिठ्ठीत व्यवसाय कर 200 दिसतो. जुलैचा पगार 24,000 आहे. एकूण 25,600 होण्याचे कारण जूनचे 1,600. दोन्ही महिने वेगळे धरल्यास प्रत्येकी 25,000 पेक्षा कमी राहतात. हे 200 लागू आहेत का, ते तपासून कळवावे, ही विनंती.

दुसऱ्या दिवशी पेरोलमधून फोन आला. तेच साहेब होते, ‘ओके, बघतो’वाले. म्हणाले, “हे आमच्याही लक्षात आलं नव्हतं. ऑगस्टच्या चिठ्ठीत परत येतील.” आले.